ग्रीनलंड नकाशावर भारताच्या नऊपट का दिसतं, आणि क्षेत्रफळ बरोबर कसं काढायचं

प्रश्न: जगाच्या नकाशावर ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं, पण पुस्तकात त्याचं क्षेत्रफळ भारतापेक्षा कमी दिलंय. क्यूजीआयएसमध्ये area($geometry) वापरून मोजलं तर साडेतीन कोटी चौ. किमी.च्या आसपास आकडा येतो. लेयर EPSG:3857 मध्ये आहे. चूक डेटात आहे की माझ्या मोजण्यात? नकाशा नेमका किती फुगवतो?

उत्तर:

डेटा ठीक आहे, आणि सॉफ्टवेअरनेही तुम्ही विचारलं तेच सांगितलं आहे. तुम्ही कागदावरच्या चित्राचं क्षेत्रफळ विचारलं, जमिनीचं नाही. ग्रीनलंडचं खरं क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौ. किमी. आणि भारताचं ३२.८७ लाख. म्हणजे ग्रीनलंड भारताच्या जेमतेम दोन तृतीयांश. EPSG:3857, म्हणजे वेब मर्केटर, या प्रक्षेपणात मात्र ग्रीनलंडचं चित्र सुमारे साडेतीन कोटी चौ. किमी.चं होतं आणि भारताचं ३९ लाखांच्या आसपास. चित्रात गुणोत्तर नऊपटीचं दिसतं ते त्यामुळे. तुमचा आकडा बरोबर तिथेच येऊन पडलाय.

आता हे घडतं कसं ते पाहू. कारण कळलं की पुढच्या चुका आपोआप ओळखू येतात.

पृथ्वीवर रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात. दोन रेखावृत्तांमधलं एका अंशाचं अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किमी. असतं, १९ अंशांवर १०५, ६० अंशांवर ५६ आणि ७२ अंशांवर फक्त ३४. मर्केटरच्या नकाशात मात्र सगळी रेखावृत्तं समांतर उभ्या रेषा असतात. म्हणजे जिथे जमिनीवर ३४ किमी. आहेत तिथेही नकाशा १११ किमी.ची जागा देतो. पूर्व-पश्चिम ताण 1/cos φ इतका झाला. φ म्हणजे अक्षांश.

एवढ्यावरच थांबलं असतं तर आकार आडवे पसरट झाले असते. पण १५६९ साली गेरार्डस मर्केटरने हा नकाशा खलाशांसाठी केला होता. होकायंत्राचा एक कोन धरून जहाज नेलं की त्याचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत यावा, ही त्याची गरज. त्यासाठी कोन टिकवावे लागतात, आणि कोन टिकवायचे तर जेवढं आडवं ताणलं तेवढंच उभंही ताणावं लागतं. म्हणून उत्तर-दक्षिण ताणही 1/cos φ. दोन्हींचा गुणाकार केला की क्षेत्रफळ किती पट फुगलं ते मिळतं:

```
क्षेत्रफळाची वाढ = 1 / (cos φ)^2
```

१९ अंशांवर ही वाढ १.१२ पट आहे, ६० वर बरोबर ४ पट, ७२ वर साडेदहा पट, ८० वर ३३ पट. वाढ सुरुवातीला सुस्त असते आणि ६० ओलांडल्यावर बेफाम होते. हा वक्राकार वेग लक्षात ठेवा, कारण पुढची सगळ्यात सामान्य चूक तिथेच होते.

ती चूक अशी: ग्रीनलंड साधारण ६० ते ८३.६ उत्तर अक्षांशांत पसरलंय, मध्य ७२ च्या जवळ, ७२ वर वाढ साडेदहा पट, म्हणून चित्र २१.६६ × १०.५ = २.२७ कोटी. तुमच्या साडेतीन कोटींशी हे जुळत नाही. मग लोकांना वाटतं की सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे, मध्याचा अक्षांश वापरणं चूक आहे. जो घटक टोकाकडे झपाट्याने वाढतो त्याची सरासरी मधल्या किमतीएवढी कधीच नसते. पट्टे पाडूनच हिशोब करावा लागतो.

ग्रीनलंडचे तीन पट्टे पाडू. आकडे किनाऱ्याच्या रुंदीवरून काढलेले, अंदाजी आहेत. ६८ अंशांच्या दक्षिणेला बेट निमुळतं आहे. तिथली जमीन साधारण ५ लाख चौ. किमी. आणि सरासरी वाढ ५.६ पट, म्हणजे चित्रात २८ लाख. ६८ ते ७६ दरम्यान साडेनऊ लाख जमीन, वाढ ११ पट, चित्रात सुमारे १०५ लाख. ७६ च्या उत्तरेला बेट पुन्हा रुंद असतं, तिथे सात लाखांहून थोडी जास्त जमीन आहे, पण वाढ सरासरी ३० पट. चित्रात सुमारे २१६ लाख. तिन्हींची बेरीज ३४९ लाख, म्हणजे साडेतीन कोटी. तुमचा आकडा.

या बेरजेत पाहण्यासारखी गोष्ट शेवटचा पट्टा आहे. जमिनीचा एक तृतीयांश भाग, पण चित्रातला वाटा साठ टक्क्यांच्या वर. भिंतीवरच्या नकाशात आपण 'ग्रीनलंड' म्हणून जो भला मोठा पांढरा गठ्ठा पाहतो, त्यातला बहुतेक ऐवज बेटाच्या उत्तर टोकाचा आहे. एकूण सरासरी वाढ १६ पट येते. भारताची अशीच बेरीज केली (८ ते ३७ अंश, बहुतेक जमीन २० ते ३० च्या दरम्यान) तर वाढ १.२ पटीच्या आसपास येते. म्हणजे भारतही थोडा फुगतोच, पण १६ विरुद्ध १.२ अशी ही झुंज आहे. 'नकाशात भारत लहान केलाय' असं म्हणणं बरोबर नाही. भारत जवळपास जसाच्या तसा आहे, उत्तरेकडचे प्रदेश फुगलेत. आफ्रिकेचंही तसंच. ३ कोटींहून मोठा हा खंड प्रत्यक्षात ग्रीनलंडच्या १४ पट आहे, पण चित्रात दोघं एकाच मापाचे वाटतात.

संपूर्ण नकाशाकडे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. गोलावर दोन अक्षवृत्तांमधल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ त्यांच्या साइनच्या फरकाच्या प्रमाणात असतं. sin 30° = ०.५, म्हणून ३० उत्तर ते ३० दक्षिण हा पट्टा म्हणजे बरोबर अर्धी पृथ्वी. चौकोनी वेब मर्केटर नकाशाच्या उंचीत मात्र या अर्ध्या पृथ्वीला १७.५ टक्के जागा मिळते. उलट ६० च्या पलीकडचे दोन्ही ध्रुवीय भाग मिळून पृथ्वीचा १३.४ टक्के भाग, आणि ते नकाशाचा ५८ टक्के भाग व्यापतात. हे आकडे कुठल्या देशाच्या सीमेवर अवलंबून नाहीत, निव्वळ भूमितीचे आहेत. वर्गात किंवा बैठकीत कुणाला पटवायचं असेल तर ग्रीनलंडपेक्षा हेच सांगा.

आता तुमची दुरुस्ती. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढणाऱ्या दोन गोष्टी दिसायला जवळजवळ सारख्या आहेत आणि तिथेच घोळ होतो. area($geometry) लेयरच्या प्रक्षेपणातल्या सपाट आकृतीचं क्षेत्रफळ देतं. $area मात्र प्रोजेक्टमध्ये ठरवलेलं एलिप्सॉइड वापरतं, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर मोजतं. या दोन्ही, आणि तिसरी म्हणजे क्षेत्रफळ टिकवणाऱ्या EPSG:6933 या प्रक्षेपणात आकृती नेऊन केलेली मोजणी, अशा तिन्ही गोष्टी फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये शेजारी शेजारी काढून पाहा:

```
area($geometry) / 1000000

$area / 1000000

area(transform($geometry,'EPSG:3857','EPSG:6933')) / 1000000
```

पहिली ओळ तुमचे साडेतीन कोटी देईल. दुसरी आणि तिसरी साडेएकवीस लाखांच्या आसपास यायला हवी, आणि एकमेकींशी जवळपास तंतोतंत जुळायला हवी. किनाऱ्याचा डेटा किती बारकाईने काढलाय त्यावर हजारांच्या आकड्यांत थोडा फरक पडेल. तो प्रक्षेपणाचा नाही. दुसरी ओळही साडेतीन कोटी दाखवत असेल तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरल टॅबवर एलिप्सॉइड 'None / Planimetric' राहिलंय, ते WGS 84 करा. तिथेच क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटर आहे ना हेही बघा, नाहीतर दहा लाखांनी भागणं दोनदा होतं.

पोस्टजीआयएसमध्ये काम करत असाल तर तेच दोन प्रकार असे दिसतात:

```sql
SELECT ST_Area(geom) / 1e6,
       ST_Area(ST_Transform(geom, 4326)::geography) / 1e6
FROM greenland;
```

वरचं पहिलं चित्राचं, दुसरं जमिनीचं.

इथे एक चूक इतकी वारंवार होते की ती वेगळी सांगायलाच हवी. लेयरवर उजवं क्लिक करून 'Set Layer CRS' मधून EPSG:6933 निवडल्याने प्रक्षेपण बदलत नाही. त्याने फक्त पाटी बदलते, आतले आकडे मर्केटरचेच राहतात, आणि ग्रीनलंड नकाशावर भलतीकडेच जाऊन बसतं. निर्देशांक खरोखर बदलायचे तर 'Reproject layer' चालवून नवी लेयर करायची. ओळखायची खूण सोपी: पाटी बदलूनही area($geometry) चा आकडा जशाच्या तसा राहिला, तर काहीही बदललेलं नाही.

EPSG:6933 हे समक्षेत्र दंडगोल प्रक्षेपण आहे. त्यात क्षेत्रफळ कुठेही बरोबर येतं, पण ग्रीनलंड दिसायला भयंकर दिसतं. ७२ अंशांवर ते पूर्व-पश्चिम २.८ पट ताणलेलं आणि उत्तर-दक्षिण तेवढ्याच पटीने चेपलेलं असतं. ताण आणि चेप एकमेकांना छेदतात म्हणून क्षेत्रफळ टिकतं, आकार टिकत नाही. समक्षेत्र प्रक्षेपणाला द्यावी लागणारी किंमत हीच. सपाट कागदावर क्षेत्रफळ आणि कोन दोन्ही सगळीकडे खरे ठेवणं गणिताने शक्य नाही. एक निवडावं लागतं. म्हणून मोजायला 6933 चालेल, दाखवायला नको. ध्रुवाभोवतीचा प्रदेश छापायचा असेल तर ध्रुवावर केंद्र असलेलं लॅम्बर्टचं समक्षेत्र खमध्य प्रक्षेपण घ्या. ग्रीनलंडसाठी EPSG:3574 सोयीचं आहे, त्याचं मध्य रेखावृत्त ४० पश्चिम आहे, त्यामुळे बेट सरळ उभं राहतं. संपूर्ण जग एका चित्रात हवं असेल तर २०१८ साली आलेलं इक्वल अर्थ, EPSG:8857, माझ्या मते शाळेच्या भिंतीसाठी सगळ्यात बरं. गाल-पीटर्सही समक्षेत्रच आहे, पण त्यात आफ्रिका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबते.

ध्रुवीय नकाशा म्हणजे आपोआप समक्षेत्र, असंही धरू नका. समुद्रबर्फाचा पुष्कळसा डेटा EPSG:3413 मध्ये येतो. ते पोलर स्टिरिओग्राफिक आहे, कोन टिकवणारं. त्याचं प्रमाण ७० उत्तर अक्षवृत्तावर खरं आहे. ध्रुवावर क्षेत्रफळ सुमारे ६ टक्के कमी दिसतं आणि ६० अंशांवर सुमारे ८ टक्के जास्त. मर्केटरच्या तुलनेत हे किरकोळ, आणि ग्रीनलंडच्या बेरजेत उणे-अधिक बरंच मिटूनही जातं. पण सप्टेंबरात बर्फ ध्रुवाकडे आकसतो, मार्चमध्ये दक्षिणेला पसरतो. सरळ चौकटी मोजून दोन महिन्यांची तुलना केली तर प्रक्षेपणाची चूक ऋतूचा बदल म्हणून अहवालात शिरते. त्या डेटाबरोबर प्रत्येक चौकटीच्या खऱ्या क्षेत्रफळाची फाइल मिळते, ती वापरायची.

चौकटींचा विषय निघालाच आहे तर EPSG:4326 बद्दलही बोलू. त्यात निर्देशांक अंशांत असतात, म्हणून area($geometry) चौरस अंशांत आकडा देतं. तो तर उघडच निरर्थक असल्याने लगेच पकडला जातो. न पकडली जाणारी चूक रास्टरमध्ये असते. एक अंश बाय एक अंशाच्या जागतिक ग्रिडमध्ये एक तृतीयांश चौकटी ६० च्या पलीकडे असतात, आणि त्या पृथ्वीचा फक्त १३.४ टक्के भाग दाखवतात. तापमानाची साधी सरासरी काढली की ध्रुवांना अडीचपट मत मिळतं आणि जग आहे त्याहून बरंच थंड ठरतं. प्रत्येक ओळीला cos φ चं वजन द्यायचं, एवढाच उपाय. इथे वाढ 1/cos φ आहे, वर्ग नाही, कारण या प्रक्षेपणात उभा ताण नसतो.

आणि हे सगळं उत्तरेकडच्या लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. पिकांचं वर्गीकरण EPSG:3857 मध्ये ३० मीटर पिक्सेलने निर्यात करून 'पिक्सेल × ९०० चौ. मी.' असा गुणाकार केला, तर १९ अंशांवर क्षेत्रफळ १२ टक्के जास्त येतं. ग्रीनलंडला १६ पट चूक होते म्हणून ती दिसते. १२ टक्क्यांची चूक कुणालाच दिसत नाही आणि तशीच छापली जाते. महाराष्ट्रातलं काम असेल तर यूटीएमचा झोन ४३ किंवा ४४ घ्या (राज्य ७८ पूर्व रेखावृत्तावर दोन्हींत विभागलं जातं), किंवा सरळ 6933.

ध्रुवाजवळ आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे लांब सरळ कडा. '६० उत्तरेच्या वरचा सगळा भाग' म्हणून तुम्ही १८० पश्चिम ते १८० पूर्व आणि ६० ते ९० असा चार कोपऱ्यांचा आयत काढला आणि तो 3574 मध्ये नेला, तर फक्त चार कोपरेच रूपांतरित होतात. वरचे दोन्ही कोपरे ध्रुवावर येतात, खालचे दोन्ही एकाच बिंदूवर, आणि आयताची एक रेघ उरते. क्षेत्रफळ जवळपास शून्य. आधी 'Densify by interval' वापरून कडांवर दर एक अंशाला बिंदू घाला, मग प्रक्षेपण बदला. त्या टोपीचं खरं क्षेत्रफळ ३.४४ कोटी चौ. किमी.च्या आसपास आहे, त्याच्याशी ताडून पाहा. जुळलं तर तुमची सगळी कडी बरोबर बसली.

वेब मर्केटरमध्ये खुद्द ध्रुव नसतोच. ९० अंशांवर cos शून्य होतो आणि नकाशाची उंची अनंत. म्हणून नकाशा ८५.०५११ अंशांवर कापतात. तिथे उंची रुंदीएवढी होते आणि झूमच्या टाइल्स चौकोनी पडतात. कापलेला भाग प्रत्येक ध्रुवाभोवती सुमारे साडेनऊ लाख चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. उत्तरेला तो नुसता समुद्र आहे म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. दक्षिणेला तिथे अंटार्क्टिकाचा गाभा आहे. तळाशी दिसणारा तो अखंड पांढरा पट्टा म्हणजे मधोमध भोक असलेला खंड, उलगडून ताणलेला. काठाजवळ वाढ १३४ पट. अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ 3857 मधल्या लेयरवरून काढायचा प्रयत्नच करू नका. $area सुद्धा तिथे मदत करणार नाही, कारण डेटाच कापलेला आहे. मूळ 4326 मधला डेटा शोधा.

समोर अनोळखी नकाशा आला आणि प्रक्षेपणाचं नाव लिहिलेलं नसेल, तर पट्टीने अक्षवृत्तांमधली अंतरं मोजा. विषुववृत्त ते १० अंश हे एक अंतर, ७० ते ८० हे दुसरं. दुसरं पहिल्याच्या चौपट असेल तर मर्केटर. दोन्ही सारखी असतील तर 4326 सारखा समअंतर नकाशा, तोही क्षेत्रफळाला खोटाच, फक्त कमी खोटा. उभ्या समांतर रेखावृत्तांच्या नकाशात दुसरं अंतर पहिल्याच्या एक चतुर्थांश असेल तर ते समक्षेत्र आहे. ध्रुव बिंदू आहे की रेघ, यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. इक्वल अर्थमध्ये ध्रुव ही रेघ आहे, आणि तरी क्षेत्रफळं अचूक आहेत.

स्क्रीनवरच्या नकाशात अक्षवृत्तं नसतात, तिथे प्रमाणपट्टी बघा. झूम न बदलता नकाशा पणजीहून उत्तरेला स्वालबार्डपर्यंत सरकवा. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र तिथे ७८°५५′ उत्तरेला आहे, आणि ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला. पट्टीवरचे किलोमीटर सरकताना कमी कमी होत जातात. हिमाद्रीपाशी तेवढ्याच लांबीत विषुववृत्ताच्या मानाने पाचवा हिस्साही उरत नाही. तिथे क्षेत्रफळाची वाढ २७ पट आहे. आख्खा गोवा, ३,७०२ चौ. किमी., उचलून त्या अक्षांशावर ठेवला तर नकाशात तो एक लाख चौ. किमी.चा दिसेल, म्हणजे नकाशातल्या महाराष्ट्राच्या जवळपास तीन दशांश. प्रत्यक्षात महाराष्ट्रात त्र्याऐंशी गोवे मावतात.